वेबसाइटवर एवढं खरं लिहू नका

शिरोली एमआयडीसीत तुमची छोटी फाउंड्री आहे, वेबसाइट करून घेताय आणि 'आमच्याविषयी' या पानाशी येऊन गाडी अडलीय? सोपं आहे. सुरुवात 'आजच्या स्पर्धेच्या युगात' अशी करा. पुढचं वाचायची गरज नाही हे वाचणाऱ्याला तिथंच कळतं.

माझ्या मामाला हे पटेना. त्यानं चलनाच्या पाठीमागं चार ओळी खरडून दिल्या: '1998 पासून ग्रे आयर्नचे नग ओततो. एफजी 200 आणि 260. वजन 2 ते 40 किलो. एसजी आयर्न करत नाही. मशिनिंग बाहेरून करून घेतो, तपासणी आमची. प्रत्येक हीटचा टेस्ट बार वर्षभर ठेवतो. ओतकाम चालू असताना फोन लागत नाही, चारनंतर करा.'

आता ह्यातले धोके बघा. एफजी 260 म्हणजे ओढून तोडताना किमान 260 मेगापास्कल ताण सोसणारं लोखंड. त्याच ओतातला नमुन्याचा बार मशिनला लावला की खरं-खोटं तिथंच उघडं पडतं. 'जगात भारी, कोल्हापुरी' कुठल्या मशिनला लावणार? बार वर्षभर ठेवतो म्हटलं की उद्या एखादा नग तडकल्यावर गिऱ्हाईक हीट नंबर, म्हणजे भट्टीचा कितवा घाणा ते, सांगून तो मागणार. त्यापेक्षा 'गुणवत्तेशी तडजोड नाही' लिहा. ती काढून दाखवा म्हणणारा अजून जन्मायचाय.

आणि 'एसजी करत नाही'? एसजी म्हणजे ग्रे आयर्नपेक्षा चिवट लोखंड, ते नसेना का. आपल्याकडं काय मिळत नाही हे कुणी पाटीवर रंगवतं का? शिवाय एवढं कबूल करणाऱ्याचं बाकीचंही खरं असेल, असा नसता संशय वाचणाऱ्याला येतो.

फोटोला मामा आणि त्याची सात माणसं भट्टीपुढं उभी राहिली होती, तोंडं काळवंडलेली. ते काढून कोरी पिवळी हेल्मेटं घातलेले गोरे साहेब टाकले. खाली '5000+ समाधानी ग्राहक'. मामाची गिऱ्हाइकं अकरा, त्यातली दोन पावणेच.

पान झकास झालं. मागच्या महिन्यात चाकणहून खरेदीवाल्याचा फोन आला, तोही ऐन ओतकामात.

"सर्व प्रकारचं कास्टिंग लिहिलंय तुम्ही. एसजीचं हाउसिंग आहे, 300 किलोचं. कधी देता?"

"साहेब, एसजी आम्ही करत नाही. आणि 40 किलोच्या वर तर नाहीच."

"मग 15 किलोचं, एफजी 260 मध्ये?"

"ते करतो की! रोजचंच काम आहे."

पलीकडं जरा शांतता. "हो, पण ते तुमच्या पानावर कुठं दिसलं नाही," म्हणाला, आणि फोन ठेवला.

मामा सध्या ते चलन शोधतोय.