परदेशातून : नकाशातली उजवी बाजू

‘आमची इमारत परळला, २३ मजली, ए आणि बी अशा दोन विंगा. मजल्या-मजल्यावर आगीचे नकाशे लावले, बाणांच्या पाट्या लावल्या, ग्रुपवर पीडीएफही टाकली. तरी ड्रिलच्या दिवशी बी विंगची निम्मी माणसं कचऱ्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिकडे लंडनला लोकांना हे कसं समजावतात?’ — सोसायटीच्या सेक्रेटरी

ताई, तुम्ही पाठवलेल्या फोटोंतच उत्तर आहे. दोन्ही विंगांत एकच नकाशा चिकटवलाय. तुमच्या विंगा मात्र आरशात पाहावं तशा उलट आहेत. लिफ्टमधून बाहेर आलं की ए विंगेत दुसरा जिना उजव्या टोकाला, बी विंगेत तो डाव्या टोकाला, आणि उजव्या टोकाला कचऱ्याची खोली. म्हणजे जी माणसं तिथे जाऊन उभी राहिली त्यांनी नकाशा नीट वाचला होता. ज्यांनी तो वाचलाच नाही, ती सवयीने बरोबर जिन्याकडे गेली असणार.

विंग बरोबर असली तरी दुसरी चूक राहतेच. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये उत्तर दिशा वर असते आणि प्रिंट काढणारा तसंच छापतो. समोरासमोरच्या दोन भिंतींवर तोच एक कागद लावला, तर एक नक्कीच उलटा वाचला जाणार. तपासायला काही लागत नाही. नकाशासमोर उभं राहून उजवा हात पसरा. नकाशात उजवीकडे जे दाखवलंय, तेच हाताच्या दिशेला खरोखर असलं पाहिजे. लिफ्टसमोर एक आणि लॉबीच्या टोकाला एक, असे दोन्ही विंगांचे मिळून चारच नकाशे काढावे लागतील. मजल्यागणिक फक्त आकडा आणि जवळच्या रेफ्यूज एरियाचा, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेचा, मजला बदलेल. रेफ्यूज असलेल्या मजल्यांची मांडणी वेगळी, त्यांचे तेवढे स्वतंत्र काढा. आणि त्यातून बाथरूम, कॉलम, पाण्याच्या लाइनी पुसून टाका. राहणाऱ्याला ‘तुम्ही इथे आहात’ सांगणारा एक लाल ठिपका, दोन्ही जिने, अलार्मचं बटण आणि आग विझवायचा सिलिंडर एवढंच दिसलं पाहिजे.

तुमच्या ग्रुपवरचा दुसरा वाद मला जास्त काळजीचा वाटला. एकोणिसाव्या मजल्यावरचे काका लिहितात, ‘लंडनला आग लागली तर घरातच थांबायला सांगतात, आपणही तसंच करू.’ काकांचं अर्धं बरोबर आहे. इथल्या बहुतेक निवासी टॉवरांना तो सल्ला असतो, पण तो एका गृहीतावर उभा आहे : एका फ्लॅटची आग त्याच फ्लॅटमध्ये कोंडून राहील, कारण भिंती आणि मुख्य दार तेवढा वेळ तग धरतील, दार आपोआप बंद होईल. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरमध्ये आग बाहेरच्या भिंतीवर बसवलेल्या क्लॅडिंगच्या आवरणावरून वर चढली आणि ते गृहीत कोसळलं. पहिला फोन रात्री १२.५४ ला गेला होता; ‘घरातच थांबा’ मागे घेईपर्यंत २.४७ वाजले. ७२ माणसं गेली. मुंबईच्या लॉबीत चपलांची लाकडी कपाटं, फॉल्स सीलिंग, वायरिंगच्या शाफ्टची उघडी दारं आणि पायपुसणं अडकवून उघडं ठेवलेलं फायर डोअर पाहिलं की हा सल्ला जसाच्या तसा उचलावा असं मला अजिबात वाटत नाही.

पण अलार्म वाजला की तेवीसही मजले एकदम जिन्यात, हेही नको. तुमच्या सोसायटीतले निवृत्त अग्निशमन अधिकारी जे सांगतायत ते लोकांनी ऐकावं : आगीचा मजला आणि त्याच्या लगतचे वरचे मजले आधी उतरवा. तुमच्याकडे रेफ्यूज ८, १५ आणि २२ वर आहेत. समजा सतराव्यावर आग आहे. अठराव्यावरच्या माणसाने धूर नसलेल्या जिन्याने पंधराव्यावर यायचं, तिथून पुढे सांगतील तसं खाली. त्या जिन्यात धूर असेल तर दुसरा जिना. दोन्हींत धूर असेल तर बावीसपर्यंत चढायचं, की घरात परतून दाराच्या फटीत ओली चादर कोंबून १०१ ला फोन करायचा? धूर वरच चढतो, म्हणून मी घरात परतणं निवडीन. अधिकारीसाहेब म्हणतात, विसाव्याच्या वरच्यांनी बावीस गाठावं, कारण तिथे मोकळी हवा असते आणि जवान आधी रेफ्यूज तपासतात. यावर आमचं एकमत नाही, आणि तुमच्या नकाशावर काय छापायचं ते त्यांनी इमारत फिरून ठरवावं, मी इथून नव्हे. मात्र बावीसचा रेफ्यूज कुलूपबंद असेल तर वादालाच अर्थ उरत नाही.

इथलं एक मात्र डोळे झाकून घ्या. ग्रेनफेलमध्ये नूतनीकरणानंतर मजल्यांचे आकडे बदलले होते, जिन्यातल्या खुणांशी त्यांचा मेळ नव्हता, आणि जवानांचा गोंधळ झाला. जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींत जिन्यातच मजल्याचा आकडा लावणं बंधनकारक आहे, मंद उजेडात किंवा टॉर्चच्या प्रकाशात दिसेल असा. तुमच्या इमारतीत चार पोडियम आहेत आणि तेरावा मजला लिफ्टच्या बटणांत नाहीच. रस्त्यावरून मोजणाऱ्या जवानाचा अठरावा आणि तुमचा अठरावा वेगळे असणार. म्हणून लिफ्टच्या बटणावरचा आकडा हाच एकमेव आकडा ठरवा, जिन्याच्या आतल्या भिंतीवर, लँडिंगवर पाय ठेवताच दिसेल असा तो रंगवा, आणि त्याचा तक्ता वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. सध्या तुमचे आकडे लॉबीच्या बाजूला, दारावर आहेत. दार उघडं राहिलं की ते भिंतीकडे तोंड करतात. शिवाय जिना तळमजल्याला न थांबता सरळ बेसमेंटला जातो. तळाच्या लँडिंगवर एक छोटं गेट नसेल तर धावणारा माणूस खाली पार्किंगमध्ये पोचेल.

अंधारात चमकणाऱ्या हिरव्या पाट्यांवर तुम्ही बराच खर्च केलात. त्या पाट्या आधी उजेड पितात, मग चमकतात. वीजबिल कमी करायला कमिटीने जिन्यात सेन्सरचे दिवे लावले, माणूस आला की पेटणारे. रात्री दोन वाजता त्या जिन्यात तासभर कोणी फिरकलेलं नसतं, म्हणजे पाटी उपाशी. खात्री करायची तर जिन्याचे दिवे मुद्दाम दोनेक तास बंद ठेवा, मग आत जाऊन पाहा. पाटी वाचता आली नाही तर जिन्यातले दिवे सतत चालू ठेवावे लागतील, किंवा बॅटरीवर चालणाऱ्या पाट्या लावाव्या लागतील. लॉबीत तर पाट्या छताजवळच आहेत. धूर आधी तिथेच साठतो, म्हणून गुडघ्याच्या उंचीवर एक बाण हवाच. जानेवारी-जुलैच्या फॉर्म बीमध्ये, म्हणजे अग्निसुरक्षेच्या दाखल्यात, पंप आणि अलार्म चालू असल्याचं लिहिलेलं असतं. नकाशातलं डावं-उजवं आणि पाटीची भूक त्यात कोणी मोजत नाही.

बाराव्या मजल्यावरच्या बाईंनी ग्रुपवर विचारलं, ‘आईची व्हीलचेअर रेफ्यूजमध्ये कायमची ठेवू का?’ विषय पाट्यांचा चालला होता, त्यामुळे त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. पण नाही, रेफ्यूजमध्ये काहीच ठेवू नका. आईंना चार मजल्यांइतक्या पायऱ्या उतरवून आठव्यावर न्यायचंय, तेव्हा आधी त्या दोन माणसांची नावं ठरवा जी हे करतील, आणि दोन्ही माणसं रात्री घरी असतात ना ते बघा. अशा रहिवाशांची यादी केबिनमध्ये ठेवावी असं मी म्हणेन. कमिटीतल्या काहींना ती यादी चोराच्या हाती लागेल अशी भीती वाटते, आणि ती भीती अगदीच निराधार नाही.