थकबाकीच्या मागणीपत्राविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तुमचा नमुना फारच मवाळ वाटला. ना कलमे, ना पोलीस तक्रारीचा इशारा, व्याजही टक्क्यांत नाही. नुसती बिलांची जंत्री. दोन-अडीच वर्षे पैसे अडकवणारा असे पत्र वाचून हसेल आणि टोपलीत टाकेल. त्यापेक्षा थेट वकिलाची नोटीस बरी.»

नमस्कार. पत्र मिळाल्यावर समोरचा हसेल, ही शक्यता मलाही मान्य आहे. पण हे पत्र केवळ त्याच्यासाठी लिहिलेले नसते. उद्या प्रकरण सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे किंवा न्यायालयात गेले, तर तुमचा व्यवहार ज्याला काडीचाही माहीत नाही अशी तिसरी व्यक्ती हे पत्र वाचणार असते. रक्कम कशी झाली, ती कधी देय होती आणि समोरच्याने कधी हरकत घेतली होती का, या तीन गोष्टी तिला पाच मिनिटांत कळल्या पाहिजेत. त्यामुळे जंत्री हाच पत्राचा कणा आहे, आणि तोच मी जरा सविस्तर मांडतो.

उदाहरणादाखल भोसरीतील एक छोटा फॅब्रिकेशन कारखाना घेऊ. त्याने चाकणच्या एका कंपनीला ब्रॅकेट पुरवले. पर्चेस ऑर्डरमध्ये ३० दिवसांची उधारी लिहिलेली आहे आणि प्रत्येक माल बिलाच्या तारखेलाच पोचला आहे. १२ एप्रिल २०२३ चे बिल १,८५,००० रुपयांचे, २० जूनचे २,४०,००० चे आणि ५ सप्टेंबरचे ९५,००० चे. जानेवारी २०२४ मध्ये १,००,००० रुपये एनईएफटीने आले, पण ते कोणत्या बिलापोटी हे कळवले गेले नाही. मधल्या काळात जूनच्या मालातील काही नग नापास झाल्याची ८,००० रुपयांची डेबिट नोट आली होती, आणि कारखान्याने ती मान्य केली होती.

बहुतेक जण अशा वेळी «एकूण येणे सुमारे सव्वाचार लाख» असे लिहून मोकळे होतात, आणि पत्र तिथेच लंगडे पडते. समोरचा एवढेच म्हणतो की आमची डेबिट नोट धरलेली नाही, हिशेब जुळत नाही, ताळा झाल्यावर बघू. म्हणून डेबिट नोट आपणच दाखवावी आणि आलेली रक्कम कोणत्या बिलात वळती केली हेही लिहावे. देणेकऱ्याने स्वतः सांगितले नसेल, तर ती कुठे वळती करायची हे ठरवण्याचा अधिकार करार कायद्याच्या कलम ६० नुसार येणेकऱ्याला असतो. येथे लाख रुपये सर्वांत जुन्या बिलात धरले, तर एप्रिलचे ८५,०००, जूनचे २,३२,००० आणि सप्टेंबरचे ९५,०००, अशी ४,१२,००० रुपये बाकी राहते. हाच आकडा पत्राच्या विषयात, तक्त्याच्या तळाशी आणि मागणीच्या वाक्यात एकसारखा यावा. तक्त्यात प्रत्येक बिलासमोर डिलिव्हरी चलनाचा क्रमांक आणि देय तारीख द्यावी, आणि सही-शिक्क्याच्या चलनांच्या प्रती सोबत जोडाव्यात. मूळ प्रती मात्र कोणालाही देऊ नयेत.

मागणीचा परिच्छेद साधारण असा असावा: «वरील तक्त्याप्रमाणे ४,१२,००० रुपये दिनांक ३० जानेवारी २०२६ पर्यंत खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावेत. यांपैकी कोणतीही रक्कम आपणास मान्य नसल्यास बिल क्रमांक, रक्कम आणि कारण याच तारखेपर्यंत लेखी कळवावे.» ठरावीक तारीख लिहावी, «पंधरा दिवसांत» लिहिले की ते पत्राच्या तारखेपासून की ते मिळाल्यापासून, हा नवा वाद उभा राहतो. यातील दुसरे वाक्य मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. या पत्रावर गप्प बसलेल्या माणसाने दोन वर्षांनी अचानक मालाच्या दर्जाची तक्रार काढली, तर तिला फारसे वजन राहत नाही.

आता व्याज. तुम्ही सुचवता तसे टक्के हवेत लिहिता येत नाहीत. बिलाच्या तळाशी छापलेला दर समोरच्याने स्वीकारला होता का, हा प्रश्न नेहमीच निघतो. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि त्याची उद्यम नोंदणी मालाच्या पुरवठ्याआधीची असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र या तरतुदीवर विसंबू नये. फेडीची तारीख कुठेच लेखी ठरलेली नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे न्यायालय दाव्यापूर्वीचे व्याज धरते ते «व्याज मागणार आहोत» असे कळवणाऱ्या लेखी नोटिशीत नमूद केलेल्या तारखेपासून. म्हणून दर ठाऊक नसला तरी व्याजाचे वाक्य गाळू नये.

पोलिसांचा इशारा मी मुद्दाम टाळला आहे. न दिलेले बिल हे मुळात दिवाणी येणे आहे. पैसे द्या नाहीतर गुन्हा दाखल करतो, असे लिहिल्याने उलट तुमच्याविरुद्धच तक्रारीला जागा मिळते. परिणामाचे वाक्य एकच आणि खरे असावे: रक्कम न आल्यास सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करू. तसेच या पत्रात «निम्मे दिले तरी चालेल» असे कुठेही येऊ देऊ नये. तडजोडीचा प्रस्ताव वेगळ्या पत्रात, आपले हक्क राखून द्यावा. इथे दोन्ही मिसळले की मागणीचा आकडाच डळमळतो.

पत्र कंपनीच्या नावे, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवावे आणि त्याच दिवशी ईमेलही करावा. नेहमी फोनवर बोलणाऱ्या अकाउंट्समधील साहेबांच्या हाती ते दिले, तर ते त्यांच्या खणातच राहते. «घेण्यास नकार» असा शेरा मारून लखोटा परत आला, तर तो न फोडता जपून ठेवावा. योग्य पत्त्यावर रीतसर पाठवलेले पत्र पोचले असे गृहीत धरण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

एका बाबतीत मात्र माझा नमुना तोकडाच पडेल, आणि तुमच्या घाईला तिथे खरोखर आधार आहे. पत्र पाठवल्याने दाव्याची मुदत एक दिवसही वाढत नाही. आपल्या उदाहरणात एप्रिलच्या बिलाची उधारी १२ मे २०२३ ला संपली, म्हणजे त्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत १२ मे २०२६ ला भरते. इतर दोन बिलांची जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. नुसत्या एनईएफटीच्या नोंदीने मुदत नव्याने सुरू होते असे समजून चालू नये, कारण त्यासाठी देणेकऱ्याच्या हस्ताक्षरातील किंवा त्याच्या सहीची लेखी नोंद लागते. म्हणून पत्रासोबत बाकी मान्यतेचा अर्ध्या पानाचा मसुदा जोडावा. त्यावर मुदत संपण्यापूर्वी अधिकृत सही झाली, तर मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ नुसार सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. सही मिळाली नाही आणि मे महिना दोन-तीन महिन्यांवर आला असेल, तर दुसरे स्मरणपत्र पाठवत बसू नये. सगळी कागदपत्रे घेऊन वकिलाकडे जावे. आणि समोरच्याचा धनादेश परत आलेला असेल, तर हा नमुना वापरूच नये. त्या नोटिशीसाठी बँकेकडून कळल्यापासून फक्त ३० दिवस असतात आणि तिची चौकट निराळी आहे.