गाडीचं बारसं

फिरत्या वाचनालयासाठी गाडी मिळाली ती एका बेकरीवाल्याची. पाव-खारी पोचवून दमलेला जुना टेम्पो होता, आमच्या वाचनालयाच्या खिशाला तोच परवडला. सुताराने आत दोन्ही बाजूंना मांडण्या ठोकल्या, त्या मागच्या अंगाला थोड्या कललेल्या. सरळ फळ्या मारल्या असत्या तर माणदेशातल्या रस्त्यांवर पहिल्याच खड्ड्याला सगळं बालवाङ्मय ड्रायव्हरच्या मानेवर आलं असतं. हजारभर पुस्तकं मावली. नानकटाईचा वास मात्र काही केल्या गेला नाही. तो आजही पुस्तकांना येतो आणि त्याबद्दल एकाही मुलाने तक्रार केलेली नाही.

इथवर सगळं सुरळीत झालं. मग अध्यक्ष अण्णा म्हणाले, "आता नाव तेवढं ठरवून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे." वाचनालयाचा कार्यवाह म्हणून सभांचे वृत्तांत मीच लिहितो, त्यामुळे ती पाच मिनिटं किती रजिस्टरं खाऊन गेली ते मला विचारा.

पहिलं नाव देणगीदारांकडून आलं. त्यात त्यांच्या वडिलांच्या नावाआधी कैलासवासी, सहकारमहर्षी आणि शिक्षणप्रेमी होतं, आणि नावानंतर 'स्मृतिप्रीत्यर्थ फिरते सार्वजनिक ग्रंथालय व मोफत वाचनालय'. वडील खरोखरच सज्जन होते, पण गाडीला दोनच बाजू होत्या. पेंटरने अक्षरं मोजली. त्याचा हिशोब अक्षरावर चालतो, काना-मात्रा-वेलांटी फुकट आणि जोडाक्षराला दीडपट दर. 'स्मृतिप्रीत्यर्थ'पाशी आल्यावर त्याने मान वर करून अण्णांकडे अशा ममतेने पाहिलं, की मुलीच्या लग्नाचा खर्च निघाला.

वाचनालयात आयुष्य काढलेले आम्ही सगळे नाव वाचायचं असतं असं धरून चाललो होतो. नाव हाक मारायचं असतं, हे फक्त ड्रायव्हर तात्यांना ठाऊक होतं. तात्यांनी आधी वडापची जीप चालवली होती. ते म्हणाले, "आपुन पारावर जाऊन हुबं ऱ्हानार अर्धा तास. पोरं काय पारावर बसल्याली नसत्यात. कुनी वढ्यात, कुनी शेरडामागं. ज्या पोराला गाडी पयली दिसंल त्येनं बोंब मारायची, तवा बाकीची येनार. त्या पोराच्या तोंडात बसंल असं नाव द्या. न्हायतर मी आन तुमी पुस्तकं वाचत बसू."

भोंगा लावा, अशी सूचना एका सदस्याने केली. पण गावात भोंगा ऐकू आला की लोक दार लावून घेतात. भंगारवाला, चादरीवाला आणि निवडणूक हे तिघं भोंग्यावरूनच येतात.

तेव्हा ठरलं, की प्रत्येक नाव ओढ्यापलीकडून पोरांकडून ओरडवून घ्यायचं, आणि अलीकडे आम्ही डोळे मिटून उभं राहायचं. जे ऐकू येईल ते मी लिहायचं. वारा समोरून असला की आणखी उत्तम, कारण गाडी काही वारा बघून यायची नव्हती.

निवृत्त मराठी शिक्षक असलेल्या आमच्या गुरुजींचं 'ज्ञानवाहिनी' आधी झालं. बारक्या पोरांनी 'ज्ञ'पाशीच हात टेकले. चार वर्षांच्या मुलाची जीभ प, ब, म, न सहज म्हणते, ट-ड म्हणते. 'र'चा 'ल' होतो आणि जोडाक्षरातलं एक अक्षर गिळलं जातं. पुस्तकाचं 'पुत्तक' होतं ते त्यामुळेच. ओढ्यापलीकडून आलं ते नुसतं 'वाऽऽहिनी'. गुरुजी म्हणाले, "निम्मं तरी पोचलं!" पण जे निम्मं पोचलं ते ऐकून बांधावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हात जोडून विचारलं, "कोन गेलं वो?" आमच्याकडे दारात येणारी एकच वाहिनी लोकांना माहीत आहे, शववाहिनी. त्यात आमचा टेम्पो अजून रंगवला नव्हता, करड्या प्रायमरवर होता.

गुरुजी रुसले. त्यांची समजूत मी अमेरिकेचा दाखला देऊन काढली. मेरी टिटकॉम्ब या ग्रंथपाल बाईंनी 1905 मध्ये मेरीलँड राज्यातल्या हेगर्सटाउन गावातून खेड्यांसाठी पुस्तकांची घोडागाडी सुरू केली. गाडी काळी होती. ती दारात येताना बघून एका शेतकऱ्याने लांबूनच बजावलं, की इथे थांबू नका, आम्हाला मुडदेगाडीची गरज नाही. बाईंनी ताबडतोब चाकं आणि दारं लालभडक रंगवून घेतली. हे ऐकून गुरुजींचा चेहरा खुलला आणि अण्णांनी जागच्या जागी गाडीला पिवळा रंग मंजूर केला. नाव राहिलं ते राहिलंच.

दुसरं नाव आमच्या सभेतल्या एकमेव कवयित्रींचं होतं, 'पानोपानी'. मला स्वतःला आवडलं होतं. जोडाक्षर नाही, अवघड अक्षर नाही, ऐकायला गोड. पण ही कविता एप्रिल महिन्यात, टँकरवर जगणाऱ्या गावाच्या वेशीवर ओरडवली गेली. आमच्याकडे बोलताना 'ण'चा 'न' होतो, हे बाईंना पुण्याहून आल्यामुळे सुचलं नसावं. पोरं पलीकडून ओरडली, "आलं, आलं, पानीऽऽ!" पुढचं मी काय सांगू. हंडे, कळश्या, प्लॅस्टिकचे बॅरल, एका बाईच्या डोक्यावर तर पिठाचा डबाच होता, पीठ ओतून टाकून आणलेला. सगळ्या रांगेने टेम्पोच्या मागे उभ्या राहिल्या आणि नळी शोधू लागल्या. आत पुस्तकं आहेत असं समजल्यावर ज्या भाषेत आमचा उद्धार झाला ती वृत्तांतात 'उपस्थितांनी सूचना केल्या' अशी नोंदवली आहे.

तिसरं 'वाचा'. हे अण्णांचं. दोनच अक्षरं, शेवटी खणखणीत 'आ'. कागदावर याच्याइतकं निर्दोष नाव नव्हतं, आणि पेंटरचा चेहरा पडला म्हणून ते आम्हाला अधिकच पटलं. पण लांबून मारलेली हाक सरळ कुठे येते? ओरडणारा माणूस शेवटचा स्वर ताणतो आणि वाटेतल्या अक्षरांचा भुगा होतो. ऐकणारा त्या भुग्यातून आपल्या ओळखीचा शब्द जुळवतो. वीस-पंचवीस पोरं बेंबीच्या देठापासून "वाचाऽऽ, वाचाऽऽ" करत ओढ्याकाठाने पळत सुटली. गावाने जुळवलं 'वाचवा'. कुऱ्हाडी, काठ्या आणि एक दोर घेऊन माणसं ओढ्यात उतरली. कोण बुडालं म्हणून त्यांनी पोरांना विचारलं, तर पोरं म्हणाली, "कुनी न्हाय, पुस्तकं आल्यात." ओढ्यात पाणी घोट्याइतकं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, ही त्यातल्या त्यात माणुसकीची गोष्ट.

त्या दिवसानंतर अण्णा विज्ञानाकडे वळले. माझं रजिस्टर चाळून त्यांनी निष्कर्ष काढला, आणि तो बरोबर होता हे मान्य केलं पाहिजे. तोंड जितकं उघडेल तितका आवाज लांब जातो, म्हणून नाव 'आ' किंवा 'ओ'वर संपावं. 'ई' आणि 'ऊ' तोंडातल्या तोंडात राहतात. स, श, फ ही नुसती हवा आहे, वारा तिला आपल्यात घेऊन टाकतो. म्हणजे 'सरस्वती' गेली, 'शारदा' अर्धी गेली. आणि गाडी 'ती' असल्यामुळे नावही बाईचं हवं. 'ज्ञानरथ' म्हटलं की निम्मी पोरं "रथ आला" म्हणतात, निम्मी "रथाची गाडी आली" म्हणतात, आणि आला की आली यावर भांडत बसतात. तेवढ्यात अर्धा तास संपतो.

या सगळ्या अटींत बसणारं नाव तात्यांनी गिअर टाकता टाकता सांगितलं, "मैना."

म आणि न दोन्ही बाळबोध, शेवटी 'आ', जोडाक्षर नाही, आणि पक्षीही बोलका. पिवळ्या गाडीला मैनेच्या चोचीचा रंग आपोआपच झालेला. ओढ्यापलीकडून "मैना आलीऽऽ" इतकं लख्ख आलं, की बांधावरच्या म्हशीनेही मान वळवली. पेंटरने दोनच अक्षरं आहेत म्हणून अ‍ॅडव्हान्स परत करायची भाषा केली. मग आम्ही त्याला शेजारी एक पक्षी काढायला सांगितला. त्याने काढलेला पक्षी कोंबडीसारखा दिसतो, पण तो वेगळा विषय.

गुरुजींनी एकट्याने विरोध नोंदवला. मैना म्हटलं की लोकांना फड आठवेल, ते म्हणाले. आम्ही हसण्यावारी नेलं. पहिल्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या शिपायाने देवळाच्या कर्ण्यावरून गावाला कळवलं, "उद्या सकाळी धा वाजता पारावर मैना येनार हाय. फुकाट हाय. समद्यांनी यावं."

सकाळी पारावर एकही पोर नव्हतं, जागाच नव्हती. पुढच्या ओळीत गावातले झाडून सगळे आजोबा. धुतलेली धोतरं, कडक फेटे, एकाच्या कानात अत्तराचा फाया. गाडीचं मागचं दार उघडलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि आतून मी पावतीपुस्तक घेऊन उतरलो. त्या क्षणी फेट्यांखालचे चेहरे जे झाले, ते पाहून मला आयुष्यात प्रथमच नाचता येत नसल्याचं वाईट वाटलं. पण आलेला माणूस रिकाम्या हाताने कसा जाईल? एकाने नातवाच्या नावावर म्हणून शिवाजी महाराजांचं चरित्र उचललं, दुसऱ्याने पंचांग मागितलं, तिसऱ्याने नानकटाई कुठे आहे ते विचारलं. पोरांचे गळे मागून सुरूच होते आणि शेवटी ती आजोबांच्या पायांमधून रांगत आत शिरली.

आता नाव चांगलं रुळलंय. फक्त गुरुवारच्या शेवटच्या गावात एक अडचण उभी राहिली आहे. तिथे पाराला लागूनच्या घरात एक म्हाताऱ्या बाई राहतात, आणि त्यांचं नाव मैनाबाई. पोरं "मैना आली, मैना आली" करत सुटली की त्या उंबऱ्यात येऊन कमरेवर हात ठेवतात, "आले म्हंजी? मी गेलते कुठं, मुडद्यांनो?" मागल्या आठवड्यात त्यांनी मला थांबवून गाडीवरची अक्षरं बोटाने दाखवली. कुणीतरी त्यांना वाचून दाखवली असणार. माझं नाव लावून गाव गाव फिरताय, तर माझ्याकडून पुस्तकाची अनामत कसली मागता, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. पुस्तक त्यांना सुनेसाठी हवंय, शिवणकामाचं.

मी म्हटलं, सभेपुढे ठेवतो. देणगीदारांनाही कळवलंय, कारण नावावर हक्क सांगणारं आणखी कुणी निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. अनामत माफीचा विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे. अण्णा म्हणतात, पाच मिनिटांचं काम आहे.