जांभळा अंगठा

बिल झालं ४१२ रुपयांचं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, पाचशेच्या वर गेलात तर पार्किंग तिकिटावर शिक्का मिळेल. पहिले दोन तास फ्री." पहिल्या दोन तासांचे ४० रुपये वाचवायला मी ९५ रुपयांचा टूथब्रश घेतला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. तिचं न बोलणं मला महागात पडतं.

शिक्का मोठा देखणा होता, जांभळा, गोल. फक्त तिकीट गुळगुळीत थर्मल कागदाचं, त्यावर शाई वाळायला तयार नव्हती. मी ते अंगठ्यात जपून धरलं.

तिकिटावर वेळ होती ५:५२. ही वेळ दांडा वर गेल्याची, गाडी लावल्याची नव्हे. मधली सतरा मिनिटं मी तिसऱ्या तळघरात हिरव्या दिव्यांमागे फिरत होतो. दिवा हिरवा म्हणजे जागा रिकामी, असं म्हणतात. खाली बघावं तर सेन्सरला न दिसलेली स्कूटर ऐसपैस उभी.

निघताना ८:४३ ला बाहेरच्या रांगेत लागलो. तिसरा तास ८:५२ ला संपणार होता आणि पुढच्या प्रत्येक तासाला २० रुपये. चार मिनिटं झाली तरी तो अख्खा तास. पुढच्या गृहस्थांचं यूपीआय काही होईना, कारण तळघरात रेंज नाही. ते फोन काचेबाहेर काढून आकाशाच्या दिशेने धरत होते. मध्ये तीन मजल्यांचं काँक्रीट होतं.

खिडकीशी पोहोचलो तेव्हा ८:५६. पोराने बारकोड वाचला. "८० रुपये, काका."

"शिक्का आहे की!"

"मला दिसतोय हो. कॉम्प्युटरला दिसत नाही. तळमजल्याच्या डेस्कवर बिल दाखवून एंट्री करून घ्यायची असते."

"हे दुकानात का नाही सांगितलं?"

"दुकान वेगळं, पार्किंगचा ठेका वेगळा."

म्हणजे जांभळा शिक्का हा नुसता आशीर्वाद होता. एंट्री झाली असती तर पहिले ४० माफ होऊन नंतरच्या दोन तासांचे ४० भरावे लागले असते. वर जाऊन यायला माझी तयारी होती. तसंही चौथा तास ९:५२ पर्यंत माझाच होता, पैसे मोजून घेतलेला! पण मागे आठ गाड्या हॉर्नवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि शेजारच्या सीटवर एक बाई हॉर्न न वाजवता बसली होती. मी ८० रुपये दिले. दांडा वर गेला.

रस्त्यावर आल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "अंगठा बघा जरा."

तिकिटावर फक्त डाग उरला होता. शिक्का माझ्या अंगठ्यावर सुरेख उतरला होता, उलट्या अक्षरांत.

"आता तुम्ही कुठेही दोन तास फुकट उभे राहू शकता," ती म्हणाली. "ब्रश मला द्या. बेसिनची खाच घासायला हवाच होता."