प्रश्नचिन्हाचे वेगळे

गावच्या नव्या विहिरीच्या कठड्यावर निळ्या ऑइलपेंटनं 'आलं का?' असं लिहिलंय. जाणारा-येणारा ते वाचतो आणि विहिरीत डोकावायच्या आधी माझ्याकडं बघून हसतो. रंग वाळलाय, राग वाळायचाय.

जमीन माझी. दोन गुंठे, रीतसर बक्षीसपत्र करून ग्रामपंचायतीला दिलेली. नाव आमच्या आजोबांचं लागणार हे मी धरूनच चाललो होतो. पण वरच्या आळीनं त्यांचे आजोबा पुढं केले, खालच्या आळीनं ग्रामदैवत. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "लेकराच्या तोंडून देव बोलतो. नाव पोरीनं ठेवायचं." पोर कोण, तर माझीच पुतणी चिमी, यत्ता दुसरी. मी गालातल्या गालात हसलो आणि रात्रीच श्रीखंडाच्या गोळ्यांवर आजोबांचं नाव तिच्याकडून घोटून घेतलं.

आमच्या माण तालुक्यात विहीर पाडणं म्हणजे हौसेचं काम नव्हे. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. या पाषाणाच्या पोटात पाणी नसतंच. ते असतं फटीत, दगडाचे दोन थर एकमेकांवर बसतात त्या सांध्यात. फट गावली तर पाणी, चार हात बाजूनं गेली तर नुसता महागडा खड्डा. म्हणून सुरुंग उडाला, यारीनं दगड वर काढला, की मी काठावर उभा राहून ओरडायचो, "आलं काऽऽ?" खालून गडी म्हणायचे, "नाय!" चिमी शेजारी चिंचा खात उभी.

एके दिवशी उगवतीच्या अंगाला बोटाएवढी धार लागली. तरी कुणी गुलाल उधळला नाही, कारण आजूबाजूचं साचलेलं पाणीही असं झिरपून फसवतं. मोटर टाकून विहीर तळापर्यंत उपसली, रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पुरुषभर पाणी. पुन्हा उपसली, पुन्हा तेवढंच. मग कुठं नारळ आणला.

जलपूजनाला पेंटर डबा-ब्रश घेऊन सकाळपासून बसलेला. मी त्याला आधीच बाजूला घेऊन कागद दिला: 'कै. त्र्यंबकराव ज्ञानोबा स्मृती जलकूप'. त्यानं तो हातभर लांब धरून वाचला.

"अक्षराला तीस रुपये. जोडाक्षराला पन्नास."

"बरं."

"ह्या 'त्र्यं'ला ऐंशी पडतील."

"का?"

"तीन अक्षरं एकात चेपलीत, अन् वर टिंब. मला तर हे अक्षर बघूनच घाम फुटतोय."

"अहो, पण देवाचं नाव आहे ते!"

"देवाला मी काय म्हणत नाय. पण कठडा गोल हाय, आबा. एवढं लांबडं नाव लिवलं तर वाचणाऱ्याला विहिरीभवती प्रदक्षिणा घालावी लागंल. वाचता वाचता कोण आत पडलं, तर ती जोखीम कुणाची?"

एवढ्यात लाऊडस्पीकरवरून चिमीला पुकारलं. सरपंचबाईंनी माईक तिच्या तोंडाशी धरला. मी लांबून ओठांनी 'त्र्यं, त्र्यं' करतोय.

"आलं का," चिमी म्हणाली.

सगळे शांत.

"अगं, काय आलं?"

"तिचं नाव. काका रोज वाकून तिला तशीच हाक मारायचा."

गाव इतकं हसलं की ओटीतला नारळ घरंगळून पाण्यात गेला. दोन्ही आळ्यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. पेंटर तर आनंदानं उभाच राहिला.

"झकास! तीन अक्षरं, जोडाक्षर एक बी नाय. टिंब आपल्याकडून फुकट."

"आणि प्रश्नचिन्ह?" मी तिरसटून विचारलं.

"त्याचे वेगळे. वळणाचं काम असतंय ते."

"मग नका घालू!"

"आसं कसं? पोरीनं इचारलंय, सांगितलं न्हाई."

हसा, हसा. पण कायदा असा, की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय कुणाला नवी विहीर घेता येत नाही. ही अट 1993 च्या कायद्यापासूनची, आणि चांगलीच आहे. नाहीतर शेजारच्यानं खोल बोअर मारून गावाचं पाणी वर्षात ओढलं असतं. मात्र त्या 500 मीटरांत माझं उरलेलं सगळं शिवार बसतं. म्हणजे जमीन देऊन बोअर मारायची सोय मीच गमावली. परवानगीचा अर्ज केलाय. कचेरीतला कारकून आमच्याच गावचा जावई. मी दारात दिसलो रे दिसलो, की फाईल न उघडताच मोठ्यानं विचारतो, "काय आबा, आलं का?"

पेंटरचं बिलही माझ्याच नावावर आलंय. 'त्र्यं'चे ऐंशी त्यानं लावलेत. म्हणे, कागदावर सराव केला होता.