लवकर हवंय की बरोबर?

परवा भर सभेत माझं हसं झालं. व्याख्यान जर्मनमध्ये होतं आणि माझ्या कानात यंत्राचा मराठी आवाज. तो ठणठणीतपणे म्हणाला, "ही पद्धत मी तुम्हाला सुचवतो." मी हात वर करून विचारलं, "का सुचवता?" सगळे हसले. व्याख्यान देणाऱ्या बाई 'सुचवत नाही' म्हणाल्या होत्या! जर्मनमध्ये क्रियापद आधी येतं आणि नकार कित्येकदा वाक्याच्या पार शेवटी. मध्ये बाईंनी मागच्या हिवाळ्यातली हकिकत घुसडली होती. तेवढा धीर माझ्या यंत्राला नव्हता.

मध्यंतरात यंत्राच्या टेबलाशी गेलो. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, विलंब एक सेकंदावर होता. सकाळी लोकांची तक्रार आली, की बाई हसून पाणीसुद्धा प्यायल्या तरी कानात विनोद चालूच. म्हणून कमी केला. पाचवर करू?"

"पाचवर 'नाही' ऐकू येईल?"

"पाच सेकंदांत आलं तर येईल."

"आणि नाही आलं तर?"

"ते बाईंना सांगा."

मग त्याने मला समजावलं. ऐकलेलं वाक्य थोडं वाढलं, की यंत्र ते पहिल्यापासून पुन्हा भाषांतरित करतं, आणि लागोपाठच्या दोन खेपांत जेवढं सारखं निघेल तेवढंच बोलतं.

"मग माझ्या वेळी?"

"दोन्ही खेपांना 'सुचवतो'च आलं. चुकलं, पण जुळलं ना!"

त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. वर म्हणतो, पडद्यावर वाचणाऱ्यांना अडचण आली नाही. तिथे 'सुचवतो' उमटलं, मग पुसून 'सुचवत नाही' झालं. अक्षरं सारखी नाचतात म्हणून ते लोक वैतागतात, ते वेगळं. बोललेला शब्द मात्र कानातून परत काढता येत नाही.

माणूस दुभाषाही साधारण दोन ते चार सेकंद मागे असतो. पण पुढे नकार येणार असा वास आला, की "या पद्धतीबद्दल सांगायचं तर…" असं काहीतरी बोलत तो वाक्य अधांतरी ठेवतो. माझ्या यंत्राला वास येत नाही. बरं, नसू दे. पण आपण एका सेकंदावर आहोत, शेवटचा शब्द येईपर्यंत विश्वास ठेवू नका, एवढं सभेच्या सुरुवातीला सांगायला काय हरकत होती? लवकर की बरोबर, हे माझ्या कानाबाबत परस्पर कोणी ठरवलं?

पाचवर केलं. उत्तरार्धात बाईंनी माझ्याकडे बघून काही विचारलं. मी त्यांच्याकडे बघत बसलो. त्यांना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी तेच सावकाश, मोठ्यांदा पुन्हा विचारलं. आता यंत्राकडे एकाऐवजी दोन प्रश्न रांगेत होते. शेवटी कानात आलं, "आता कळलं का?" मी जोरात "हो!" म्हणालो. तोवर बाई पुढच्या चित्रावर गेल्या होत्या आणि "कोणाला शंका आहे का?" असं विचारत होत्या.