लिव्हर परत वाढतं, पण कुठलं लिव्हर?

"लिव्हर हा कापला तरी परत वाढणारा अवयव आहे. दारूने खराब झालं तरी घाबरू नका, तीन महिने दारू बंद करा, लिव्हर नव्यासारखं होतं. एसजीपीटी नॉर्मल आलं की समजा सगळं ठीक. आणि नुसती बिअर पिणाऱ्याला तर काहीच होत नाही."

आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज महिन्यात तिसऱ्यांदा आलाय. मी तेरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय, आणि घरात दादा आणि मामा दोघांचंही लिव्हर दारूनेच बिघडलंय, दोघांच्या फायली माझ्याच कपाटात असतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते, जरा लांबेल.

कापल्यावर वाढण्याची गोष्ट खरी आहे, पण ती निरोगी लिव्हरची. मुलगा बापाला लिव्हरचा तुकडा देतो तेव्हा त्याचं उरलेलं लिव्हर काही महिन्यांत जवळपास पहिल्या आकाराचं होतं. दारूने एकदाच कापल्यासारखं होत नाही ना, ती रोज थोड्या थोड्या पेशी मारते, आणि रोज जखम झाली की लिव्हर तिथे व्रण भरत जातं, जसा भाजल्यावर कातडीवर वण राहतो तसा. असे व्रण सगळ्या लिव्हरभर पसरले की त्याला सिरॉसिस म्हणतात, आणि त्यातसुद्धा लिव्हर वाढायचं थांबत नाही, वाढत असतंच, पण व्रणांच्या जाळीत अडकून गाठीगाठींनी वाढतं. सोनोग्राफीत 'नोड्युलर' लिहिलेलं असतं ते हेच. त्या गाठींमधून रक्त नीट फिरत नाही, मागे तुंबतं, मग पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या की रक्ताच्या उलट्या. म्हणजे मेसेजवाला ज्या वाढीचा भरवसा देतोय तीच वाढ इथे वाकडी झालेली असते.

आता तीन महिने. हा आकडा सगळ्यांना सारखा लावणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. नुसतं फॅटी लिव्हर असेल तर तीन महिनेसुद्धा लागत नाहीत, दारू पूर्ण बंद केली तर चार ते सहा आठवड्यांत चरबी बरीचशी उतरते (वजन आणि शुगर जास्त असेल तर त्याने धरलेली चरबी राहते, ती वेगळी). पण दारूचा हिपॅटायटीस, म्हणजे लिव्हरला आलेली सूज, तिथे तीन महिने वाट बघायला वेळच नसतो. डोळे पिवळे, ताप, भूक मेलेली, पोट फुगलेलं. ह्याचा जो तीव्र प्रकार असतो त्यात उपचार घेऊनही साधारण तिघांतला एक जण तीन महिन्यांच्या आत जातो. आणि दारू सोडून दोन-तीन आठवडे झाल्यावरही कावीळ दिसू शकते, तेव्हा घरचे म्हणतात आता तर पीत नाही मग दारूची कशी असेल, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात. तसं करू नका, हॉस्पिटलला न्या. हिपॅटायटीस बी आणि सी व्हायरसची टेस्टही तिथे करतात, कारण तो व्हायरस आणि दारू एकत्र आले तर सिरॉसिस खूप लवकर होतो.

दादाचं सांगते. वय ४३, अकरा वर्षं रोज एक क्वार्टर. पहिल्या रिपोर्टमध्ये लिव्हरची एन्झाईम्स वाढलेली, एसजीओटी १४८, एसजीपीटी ६२, जीजीटी ४१०. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या वर दिसलं की दारूचा संशय आधी येतो. फायब्रोस्कॅन ११.८, म्हणजे सिरॉसिसच्या उंबऱ्याशी. सहा आठवडे दारू पूर्ण बंद, परत स्कॅन, ८.६. दादा खूश, आता झालं म्हणाला. पण डॉक्टरांनी नीट समजावलं की फायब्रोस्कॅन कडकपणा मोजतं, आणि लिव्हर सुजलेलं असलं की ते कडकच लागतं. म्हणजे एवढ्यात जे उतरलं ती बहुतेक सूज होती, व्रण नाही. व्रण विरघळायला वेळ लागतो. जखम थांबली की व्रण तयार करणाऱ्या पेशी शांत होतात आणि शरीर व्रणाचे धागे हळूहळू खाऊन टाकतं, पण धागे कोवळे असतील तरच हे नीट होतं, जुने झाले की ते एकमेकांत घट्ट गुंफले जातात. दादाचा पुढचा आकडा वर्षाने ६.९ आला. खरी सुधारणा ही दुसरी, आणि तिला पूर्ण वर्ष लागलं, मध्ये एक पेगसुद्धा नाही.

एसजीपीटीचा मुद्दा तर सिरॉसिस झालेल्या मामांच्या फाईलनेच खोटा पाडलाय. एसजीपीटी ३१, एकदम नॉर्मल. त्याच दिवशीच्या रक्तात प्लेटलेट ७८ हजार, लिव्हर बनवतं ते प्रथिन अल्ब्युमिन २.७, दोन्ही कमी, आणि पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. पेशी मरताना त्यातून एसजीपीटी रक्तात सांडतं, आता लिव्हरमध्ये मरायला पेशीच कमी उरल्या तर सांडणार काय? त्यात नेहमी पिणाऱ्याच्या अंगात बी-सिक्स कमी असतं, त्यानेही हा आकडा खालीच राहतो. म्हणून पिणाऱ्याचा रिपोर्ट आला की मी आधी प्लेटलेट बघते, मग अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली सारख्या येत असतील तर एसजीपीटी कितीही छान असू दे, पुढची तपासणी करा.

बिअरचा हिशोब सरळ आहे. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के, त्यात साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्के, त्यात ५२. दोन बाटल्या झाल्या की १०४, म्हणजे दादाच्या क्वार्टरपेक्षा जास्तच. लिव्हरपर्यंत अल्कोहोलच पोचतं, बाटलीवरचं लेबल नाही. हे खरंय की खूप पिणाऱ्या सगळ्यांनाच सिरॉसिस होत नाही, पण कुणाला होणार ते आधी कळत नाही, आणि बायकांना कमी दारूत, कमी वर्षांत होतो.

मेसेजमध्ये जे लिहिलंच नाहीये ते मात्र वाचाच. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दादाने आधी तसंच केलं होतं, आणि तिसऱ्या रात्री दोन वाजता वहिनीचा फोन, "अगं ह्यांचे हात थांबत नाहीयेत, भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणतायत." घाम, थरथर, भास, ह्यात फिटही येते आणि जीवही जातो. चार दिवस ॲडमिट ठेवलं, थायमिनची इंजेक्शनं, गोळ्या हळूहळू कमी केल्या. सोडायचीच, पण डॉक्टरांना सांगून.

आणि मामा? त्यांनी सोडून दोन वर्षं झाली. पोटातलं पाणी गेलं, पाण्याच्या गोळ्या अर्ध्यावर आल्या, अल्ब्युमिन ३.४ झालं, जिना चढतात. सिरॉसिस झाल्यावर आता सोडून काय उपयोग असं कुणी म्हणालं तर मी मामांचं उदाहरण देते. पण प्लेटलेट अजून ८२ हजारच आहेत, व्रण आहे तिथेच आहे, आणि तशा लिव्हरमध्ये कॅन्सरची भीती राहते म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. पुढची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.